संप आजारपणाचा, कोंडी प्रवाशाची

सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजच्या शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. संघटना उभारू पाहणाऱ्या सहकाऱ्यांच्या बडतर्फीचा तो निषेध होता. सुमारे पाच दिवस उड्डाणे रद्द होत राहिली आणि प्रवासी विमानतळांवर ताटकळले. २०१९ मध्ये त्या कंपनीची सेवा थांबली. हे हत्यार मात्र उरले. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी तेच उपसले.

कर्मचाऱ्यांचा रोष रास्त असेलही. पण घोषित संपाची निदान पूर्वसूचना असते, आजारपणाची नसते. म्हणून अशा दिवसांत आदल्या रात्री आणि घर सोडण्यापूर्वी, असे दोनदा कंपनीकडे उड्डाणाची स्थिती तपासावी. पर्याय शोधताना तिकीट कोण विकतो यापेक्षा विमान कोण चालवतो, हे पाहावे; अन्यथा दुसऱ्या नावाने त्याच संपात सापडण्याची भीती. इतर कंपन्यांचे भाडे अशा वेळी झपाट्याने चढते. जाणे अटळच असेल, तर रद्द करण्याचे शुल्क पाहून दुसरे आसन लवकर राखावे.

मूळ तिकीट मात्र घाईने स्वतः रद्द करू नये. शुल्क आपल्याच माथी बसते. कंपनीने उड्डाण रद्द केले, तर पूर्ण परतावा किंवा पर्यायी उड्डाण यांतून निवड करता येते. संप ही असाधारण परिस्थिती मानली जात असल्याने वेगळी भरपाई मात्र मिळत नाही. ज्या भांडणात प्रवासी पक्षकारच नाही, त्याचा भुर्दंड त्यानेच सोसावा, हा न्याय कोणता?