‘आवाज मर्यादित ठेवा’ म्हणजे नेमका किती?

गणपती, नवरात्र आणि त्यापाठोपाठ दसऱ्याच्या सुमारास श्री बालाजी महाराजांची यात्रा. आपल्या देऊळगाव राजातले हे गजबजलेले दिवस. या काळात आमच्या सोसायटीच्या फलकावर दरवर्षी एक सूचना लागते: ‘कृपया रात्री लाऊडस्पीकरचा आवाज मर्यादित ठेवावा.’ सूचना नम्र आहे, पण अपुरी आहे. ‘मर्यादित’ म्हणजे किती, हे प्रत्येकजण आपल्या कानाने ठरवतो. तासभर स्पीकरजवळ थांबलेल्या माणसाचे कान तात्पुरते बधिर झालेले असतात. त्याला तोच आवाज कमी वाटतो आणि तो बटण आणखी फिरवतो.

मर्यादा नियमाने ठरलेली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. पण ती सवलत वेळेची असते, आवाजाची नव्हे.

आता एक हिशोब करू. समजा, स्पीकरपासून ४ मीटरवर १०० डेसिबल आवाज आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे ८ मीटरवर ९४, १६ मीटरवर ८८ आणि ३२ मीटरवरच्या खिडकीशी अजून ८२. खिडकी लावली तरी ढोलासारखा खर्जाचा आवाज भिंतीतून आत येतोच. झोपलेला माणूस जागा झाला नाही तरी त्याच्या नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढू शकतात. आधीच रक्तदाब असलेल्यांना आणि बाळंतिणींना याचा त्रास अधिक.

स्पीकरजवळ नाचणाऱ्या मुलांचे काय? कामगारांसाठीच्या एका प्रचलित मापाप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशोबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत असेल, तर कानाला इजा झाली असे समजावे. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून यंदा फलकावर एवढे लिहावे: ‘स्पीकर १० वाजता बंद. तोंड घरांकडे नको, मंडपाच्या आत. मुले स्पीकरपासून लांब. आवाजाच्या बटणावर सुरुवातीलाच खूण. तिच्यापुढे कोणी जाऊ नये.’ मोबाइलवरचे आवाज मोजणारे अ‍ॅप अंदाजापुरते ठीक आहे, पण ते खर्ज कमी दाखवू शकते. आकडा ठीक दिसूनही खिडकीची काच थरथरत असेल, तर काचेवर विश्वास ठेवावा.