विमा कोणता आणि भाडे कोणते? : साठवलेल्या गवारीचे दोन सौदे

जानेवारी 2018 मध्ये एनसीडीईएक्सवर गवार बियाचे ऑप्शन सुरू झाले. शेतकरी उत्पादक कंपन्यांना त्यांची ओळख करून देताना साठ्यासोबत पुट विकत घेणे आणि साठ्यावर कॉल विकणे हे दोन्ही सौदे ‘भावसंरक्षण’ या एकाच नावाखाली सांगितले जातात. ही सरमिसळ थांबायला हवी.

राजस्थानातील एका उत्पादक कंपनीच्या गोदामात 100 क्विंटल गवार आहे, असे समजू. आजचा भाव 5,000 रुपये क्विंटल. हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे काल्पनिक घेतले आहेत.

पहिल्या सौद्यात कंपनी 5,000 रुपये करारभावाचा पुट 150 रुपये अधिमूल्य देऊन विकत घेते. समाप्तीच्या दिवशी भाव 4,400 झाला, तर पुटमधून 600 रुपये मिळतात. मालाचे 4,400 त्यात मिळवून आणि अधिमूल्य वजा करून हाती 4,850 रुपये उरतात. भाव याहून कितीही घसरला तरी तोटा 150 च्या पुढे जात नाही. भाव 5,800 झाला, तर पुट निरुपयोगी ठरतो आणि नफा 650 रुपये होतो. ना-नफा-ना-तोटा भाव 5,150, म्हणजे आजचा भाव अधिक अधिमूल्य.

दुसऱ्या सौद्यात कंपनी 5,300 करारभावाचा कॉल विकून 120 रुपये अधिमूल्य घेते. भाव 5,800 झाला, तर कॉलवर 500 रुपये द्यावे लागतात. हाती 5,420 राहतात. नफ्याची कमाल मर्यादा 420 रुपये. ना-नफा-ना-तोटा भाव 4,880. तो पहिल्या सौद्यापेक्षा खाली असल्याने आकर्षक दिसतो. परंतु भाव 4,400 झाला, तर क्विंटलमागे 480 रुपये, म्हणजे एकूण 48,000 रुपये तोटा होतो. पुट घेतला असता, तर तो 15,000 वर थांबला असता.

म्हणून पुट हा विमा आहे, तर कॉल विकणे म्हणजे तेजीचा वाटा भाड्याने देणे. भाव फारसा हलणार नाही असे वाटत असेल आणि घसरण सोसण्याची ताकद असेल, तरच दुसरा सौदा योग्य. शिवाय कॉल विकणाऱ्याला मार्जिन भरावे लागते. माल गोदामात अडकलेला असताना भाव चढला, तर मार्जिनची वाढीव रक्कम रोख उभी करावी लागते.

दोन्ही हिशेबांत गोदामभाडे व व्याज धरलेले नाही. ते मिळवले की ना-नफा-ना-तोटा भाव तेवढाच वर सरकतो. तसेच ऑप्शनचा निकाल बाजारमंचावरील वायदेभावाने लागतो. स्थानिक मंडीचा भाव त्याहून अधिक घसरला, तर तो फरक पुटही भरून देत नाही. विस्तार कार्यकर्त्याने सल्ला देण्यापूर्वी कंपनीला एकच प्रश्न विचारावा : भाव 600 रुपयांनी पडला, तर कर्जाचा हप्ता भरता येईल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर कॉलच्या अधिमूल्याचा मोह धरू नये.