सूर्या नदीचं पाणी कोणाला? दुर्मिळता, तीन प्रश्न आणि आपला पालघर जिल्हा

मिश्र अर्थव्यवस्थेवर प्रश्न आला की उत्तरपत्रिकेत एक वाक्य ठरलेलं असतं: "मिश्र अर्थव्यवस्थेत भांडवलशाही व समाजवाद या दोहोंतील चांगल्या गोष्टी एकत्र येतात." या वाक्याला गुण मिळतात, हे मान्य. पण ते खरं आहे का? माझ्या मते अर्धंच खरं आहे. राहिलेलं अर्धं समजून घ्यायला दिल्लीला किंवा मॉस्कोला जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातली सूर्या नदी पुरे.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. दुर्मिळता आणि टंचाई एक नाहीत. आपल्या जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर सरकारी टँकर जातो. ही टंचाई. ती एका ठिकाणची, एका ऋतूतली असते आणि टाकी बांधून, विहीर खोदून कमी करता येते. दुर्मिळता वेगळी. लिओनेल रॉबिन्स यांनी 1932 साली अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, तिच्यात साधनं मर्यादित असणं एवढंच नाही, तर त्या साधनांना पर्यायी उपयोग असणंही आहे. मुलं "मर्यादित" शब्द पाठ करतात आणि "पर्यायी उपयोग" विसरतात. खरी अडचण तिथेच आहे. धामणी धरण काठोकाठ भरलं तरी त्यातलं पाणी दुर्मिळच असतं, कारण तेच पाणी भाताला लागतं, बोईसरच्या कारखान्याला लागतं आणि विरारच्या नळालाही लागतं. एकाला दिलेला थेंब दुसऱ्याला देता येत नाही.

म्हणून प्रत्येक अर्थव्यवस्थेला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: काय उत्पादन करायचं, कसं करायचं आणि कोणासाठी करायचं. बाजार अर्थव्यवस्थेत उत्तर किंमत देते. आदेशावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेत, म्हणजे पुस्तकात ज्याला समाजवादी म्हटलेलं असतं तिच्यात, उत्तर नियोजन करणारं सरकार देतं. बोईसर स्टेशनला उतरलात की दोन्ही नमुने जवळजवळ दिसतात. (पाटीवर "तारापूर एमआयडीसी" असतं, पण कारखाने बोईसरच्या बाजूला, हे इथल्या मुलांना सांगायला नको.) कुठला रंग किंवा कुठलं औषध बनवायचं हे कारखानदार बाजारातली मागणी पाहून ठरवतो. काही किलोमीटरवर, समुद्रकाठी, 1969 साली सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आहे. ते कुठे बांधायचं, कोणत्या तंत्राने चालवायचं आणि वीज कोणत्या राज्याला किती द्यायची, हे बाजाराने ठरवलेलं नाही, केंद्र सरकारने ठरवलं.

आता पाण्याकडे येऊ. सूर्या प्रकल्प मुळात सिंचनासाठी आखला गेला. धामणीचं धरण, त्याच्या खाली कवडासचा बंधारा, आणि तिथून निघणारे उजवा आणि डावा असे दोन कालवे. डहाणू, विक्रमगड आणि पालघर या तालुक्यांतली सुमारे 14,696 हेक्टर जमीन भिजवायची, असा हिशोब होता. ज्यांची जमीन भिजणार होती त्यात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. पावसाळ्यात एक भातपीक घेऊन नंतर वीटभट्टीवर किंवा मजुरीला बाहेर जायचं, हे चक्र दुसऱ्या पिकाने थांबावं, हा त्यामागचा विचार. म्हणजे "कोणासाठी" या प्रश्नाचं उत्तर धरणाच्या कागदावर लिहिलेलं होतं.

पुढे त्या उत्तरात भर पडत गेली. कारखाने आले, शहरं वाढली. वसई-विरारला सूर्याचं पाणी आधीपासून जात होतंच. मग एमएमआरडीएची सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आली: दिवसाला 403 दशलक्ष लिटर, त्यातले 185 वसई-विरारला आणि 218 मीरा-भाईंदरला. वसई-विरारकडचा पहिला टप्पा 2023 मध्ये सुरू झाला.

वही काढा, एक हिशोब करू. दिवसाला 403 दशलक्ष लिटर म्हणजे वर्षाला सुमारे 147 दशलक्ष घनमीटर. धामणी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे 276 दशलक्ष घनमीटर. म्हणजे फक्त या एका योजनेला साठ्याच्या निम्म्याहून थोडं जास्त पाणी लागतं.

हे पाणी शहरात काय करतं? माणशी रोज 135 लिटर धरले, तर जवळजवळ 30 लाख माणसांची गरज भागते. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहर साधारण 12 लाखांचं आणि मीरा-भाईंदर 8 लाखांचं होतं. म्हणजे योजना आजच्या तहानेबरोबर पुढच्या वाढीचाही विचार करते. त्यात गैर काही नाही, पण ज्या इमारती अजून उभ्या राहायच्या आहेत त्यांचाही यात वाटा आहे, हे लक्षात ठेवा.

तेच पाणी शेतात काय करेल? उन्हाळी भाताला हंगामात साधारण 1200 मिलिमीटर पाणी लागतं असं धरू. एका हेक्टरला 12,000 घनमीटर. कालव्यात, चारीत झिरपून आणि उडून निम्मं पाणी वाया जातं असं समजलं, तर धरणातून हेक्टरी 24,000 घनमीटर सोडावे लागतील. 147 दशलक्षाला 24,000 ने भागा: सुमारे 6,100 हेक्टर. भाताऐवजी वाल, हरभरा किंवा ठिबकवर मोगरा लावला, तर तेच पाणी याच्या कितीतरी पट जमिनीला पुरेल.

30 लाख माणसांचं नळाचं पाणी एका पारड्यात आणि सहा हजार हेक्टर उन्हाळी पीक दुसऱ्या पारड्यात. यालाच संधी खर्च म्हणतात. त्याचं बिल छापून येत नाही. विरारच्या ग्राहकाच्या पाणीपट्टीत पंपाची वीज असते, जलवाहिनीचा खर्च असतो, पण विक्रमगडच्या शेतात न उगवलेल्या भाताची किंमत नसते. ती किंमत शेतकरी भरतो आणि पुन्हा वीटभट्टीवर जातो.

मग हे वाटप किंमतीवर सोडावं का? चिलीने 1981 च्या जलकायद्याने पाण्याचे हक्क जमिनीपासून वेगळे करून खरेदी-विक्रीला खुले केले. ज्याला पाण्यातून जास्त कमाई, तो जास्त देऊन हक्क घेणार. पाणी वाया घालवणं त्यामुळे महाग पडतं, हा फायदा नाकारू नका. पण पेटोर्का भागात ॲव्होकॅडोच्या बागा हिरव्या राहिल्या आणि गावकऱ्यांच्या दारात टँकर आला. शेवटी 2022 मध्ये कायदा बदलून माणसाच्या गरजेला अग्रक्रम द्यावा लागला. आपल्याकडे बोली लावली असती तर विक्रमगडचा शेतकरी आणि विरारचा बिल्डर यांच्यात कोण जिंकला असता, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

मग सगळं वरून ठरवावं? सोव्हिएत संघाने 1960 नंतर मध्य आशियातल्या अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं. कापसाचं उद्दिष्ट कागदावर होतं, अरल समुद्रातल्या मासळीचं नव्हतं. काही दशकांत समुद्राचा बहुतेक भाग आटला. मोयनाक हे मच्छीमारांचं बंदर होतं, तिथे आज वाळूत गंजलेल्या बोटी उभ्या आहेत. चूक कळूनही थांबवता आली नाही, कारण नुकसान झालेल्यांची ओरड वर पोचवणारी किंमतही नव्हती आणि निवडणूकही नव्हती.

आता आपली मिश्र अर्थव्यवस्था. दोन्हींतलं चांगलं एकत्र आलं का? सूर्याच्या पाण्यात तरी असं दिसतं की कोणाला किती पाणी, हे सरकार ठरवतं, पण सरकारपुढे मागणी मांडताना बाजारात ज्याचं वजन जास्त त्याचाच आवाज मोठा असतो. 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम होता आणि शेती त्याखाली. 2011 मध्ये शेतीला दुसऱ्या क्रमांकावर आणलं गेलं. नदी तीच, धरण तेच. एका ओळीचा क्रम बदलला आणि "कोणासाठी" याचं उत्तर बदललं.

शिवाय शहराचं नळाचं पाणी "पिण्याचं" म्हणून कायम पहिल्या क्रमांकात बसतं, मग ते गाडी धुवायला जावो की बागेला. आणि कालव्याची दुरुस्ती रखडली, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचलं नाही, की न वापरलेलं पाणी कागदावर "शिल्लक" दिसतं. नियोजन 14,696 हेक्टरचं, प्रत्यक्ष भिजणारं क्षेत्र त्याहून बरंच कमी. मग शिल्लक पाणी शहराला द्यायला हरकत काय, असा युक्तिवाद सुरू होतो. माझा आक्षेप नेमका यालाच आहे. कालवा फुटका ठेवल्याने निर्माण झालेली शिल्लक ही शिल्लक नव्हे.

"कसं उत्पादन करायचं" या दुसऱ्या प्रश्नातही तेच घडतं. सांडपाणी नीट शुद्ध करायला पैसा लागतो, न करता सोडलं तर तो वाचतो. वाचलेला पैसा कारखान्याचा आणि भुर्दंड नवापूर, मुरबे, सातपाटीच्या मच्छीमारांचा. बाजारभावात हा भुर्दंड दिसत नाही, म्हणून नियम आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र लागतं. तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाजाच्या संघटनेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. नियम असूनही जावं लागलं, हे महत्त्वाचं. पण जाता आलं, हेही खरं. मोयनाकच्या मच्छीमाराला जायला जागाच नव्हती. मिश्र व्यवस्थेची जमेची बाजू मला विचाराल तर हीच सांगेन: उत्तर चुकलं तर त्याविरुद्ध दाद मागायची दारं एकापेक्षा जास्त असतात.

त्यातलं एक दार बहुतेकांना माहीत नसतं. दरवर्षी पावसाळा संपल्यावर 15 ऑक्टोबरचा धरणसाठा धरून पाण्याचं वर्षाचं नियोजन होतं आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत रब्बी-उन्हाळीला किती आवर्तनं द्यायची ते ठरतं. तुमच्या गावाजवळून कालवा जात असेल तर घरच्यांना किंवा पाणी वापर संस्थेतल्या कोणाला तीन गोष्टी विचारा: 15 ऑक्टोबरला साठा किती होता, किती आवर्तनं ठरली, आणि त्यातली किती शेवटच्या चारीपर्यंत आली. उत्तरं वहीत तारखेसह लिहून आणा. त्या आकड्यांवर पुढच्या तासाला वर्गात बोलू.