केमोच्या गोळ्या आणि घरातील दक्षता

केमोथेरपी म्हटली की रुग्णालयातील खाट आणि शिरेतून थेंबथेंब जाणारे औषध डोळ्यांपुढे येते. कॅपेसिटाबिनसारखे औषध मात्र गोळीच्या रूपात थेट घरी येते. मोठ्या आतड्याच्या आणि स्तनाच्या कर्करोगात ते पुष्कळ वापरले जाते. रुग्णालयात अशी औषधे हाताळणारी परिचारिका हातमोजे घालते. घरी तीच गोळी साखरेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डब्यात जाऊन बसते. येथूनच चूक सुरू होते.

एक उदाहरण घ्यावे. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या 64 वर्षांच्या आजोबांना 500 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या सकाळी व चार संध्याकाळी, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, अशा 14 दिवस घ्यायच्या आहेत. नंतर सात दिवस विश्रांती. घरात आजी, मुलगा, गरोदर सून आणि चार वर्षांचा नातू. आजोबांना गोळ्या काढून देण्याचे काम सवयीने सुनेकडे येते. तेच प्रथम बदलावे. हे औषध पेशींची वाढ रोखते आणि गर्भाच्या पेशी तर सर्वांत वेगाने वाढत असतात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने या गोळ्यांना हात लावू नये. आजोबांनी स्वतःच पाकिटातून गोळी छोट्या वाटीत काढावी, वाटीतून तोंडात टाकावी, पाण्याबरोबर गिळावी आणि साबणाने हात धुवावेत. दुसऱ्या कोणी द्यायची झाल्यास हातमोजे घालावेत. वाटी त्याच कामासाठी वेगळी असावी.

गोळी मोठी असल्याने गिळवत नाही, म्हणून आजी ती खलबत्त्यात कुटून दुधात द्यायला निघतात. तसे कदापि करू नये. कुटताना उडणारी भुकटी श्वासातून आत जाते आणि खलबत्त्याला चिकटून उद्याच्या वेलदोड्यात उतरते. गिळता येत नसेल तर ते डॉक्टरांना सांगावे. चुकून गोळी फुटलीच तर ती झाडू नये, कारण झाडण्याने धूळ उडते. हातमोजे घालून ओल्या कागदाने टिपावी, जागा साबणपाण्याने पुसावी आणि कागद व हातमोजे पिशवीत बंद करावेत.

गोळ्या मूळ पाकिटातच, कोरड्या जागी, कुलपाच्या कपाटात ठेवाव्यात. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि फ्रिज, तिन्ही टाळावीत. नातवाने एखादी गिळली तर त्रास दिसण्याची वाट पाहू नये. पाकीट घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्तपेशी घटण्यासारखे परिणाम काही दिवसांनी दिसतात.

औषधाचे अंश बहुतेक लघवीतून बाहेर पडतात. म्हणून गोळ्यांचे 14 दिवस आणि शेवटच्या गोळीनंतरचे किमान 48 तास आजोबांनी बसून लघवी करावी आणि दोन वेळा भरपूर पाणी सोडावे. फ्लश असल्यास झाकण लावूनच सोडावा. पाणी वाचवण्याचा नेम या दिवसांपुरता येथे बाजूला ठेवावा. उलटी किंवा मलमूत्र लागलेले कपडे हातमोजे घालून वेगळे, दोनदा धुवावेत. मात्र आजोबांना वेगळे ताट, वेगळी खोली देण्याचे कारण नाही. एकत्र जेवण, नातवाला मांडीवर घेणे, यात धोका नाही.

आता हिशेब. दिवसाला आठ याप्रमाणे 14 दिवसांच्या 112 गोळ्या. दहाची पाकिटे घेतली तर 12, म्हणजे आठ गोळ्या शिल्लक. दहाव्या दिवशी जुलाब वाढले आणि डॉक्टरांनी सकाळपासूनच औषध थांबवले, तर गेल्या 72 आणि उरल्या 48. पुढच्या फेरीत मात्रा कमी होऊ शकते, म्हणून उरलेल्या गोळ्यांचा आकडा डॉक्टरांना सांगावा आणि त्यांच्या सांगण्याशिवाय त्यातली एकही घेऊ नये.

उपचार संपल्यावर उरलेल्या गोळ्यांचाच प्रश्न व्यापारी घरात अवघड होतो. इतके महाग औषध फेकवत नाही. मग ते मंदिरातील किंवा संस्थेच्या औषधदानाच्या पेटीत जाते. हेतू पुण्याचा असला, तरी तेथे ते छाटणाऱ्या स्वयंसेवकाला, विशेषतः एखाद्या गरोदर भगिनीला, पाकिटात काय आहे ते ठाऊक नसते. आणि प्रत्येकाची मात्रा त्याच्या उंची-वजनावरून व रक्ततपासणीवरून ठरते. या गोळ्या त्या पेटीत टाकू नयेत. शौचालयात किंवा घंटागाडीच्या कचऱ्यातही नाही. उरलेल्या गोळ्या, रिकामी पाकिटे, वापरलेले हातमोजे आणि भुकटी टिपलेले कागद दुहेरी पिशवीत बंद करून, वर ‘केमो औषध’ असे लिहून, पुढच्या भेटीत कर्करोग विभागाकडे किंवा रुग्णालयाच्या औषध दुकानाकडे द्यावेत. रुग्णालयांसाठीच्या 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार अशी औषधे वेगळी काढून 1200 अंशांहून अधिक तापमानावर जाळली जातात. घरच्या शेगडीत ती जाळण्याचा प्रयत्न करू नये. परत घेण्याची सोय आहे का, हे पहिले पाकीट घेतानाच विचारून ठेवावे. रिकामी डबी लवंग किंवा सुट्टे पैसे ठेवायला उपयोगी वाटली, तरी तीही त्याच पिशवीत जावी.