सकाळच्या पत्राची गोडी आणि ‘स्थगिती’ या शब्दाचा घोळ

सकाळी उठल्यावर दिवसाच्या पाच मोठ्या बातम्या थोडक्यात सांगणारं पत्र आता पुष्कळांच्या फोनवर येतं. कुणाचं ईमेलवर, कुणाचं व्हॉट्सॲपवर. वर ‘सुप्रभात मंडळी’, मग एखादी कोपरखळी, मग बातम्यांचे तीन-चार ओळींचे सारांश. हे पत्र लिहिणाऱ्यांना तीन गोष्टी सांभाळायच्या असतात. आवाज रोज एकसारखा हवा, तो आपुलकीचा हवा आणि मजकूर अचूक हवा. माझा आक्षेप असा आहे की यातली आपुलकी म्हणजे गंमत, असा समज करून घेतला गेला आहे आणि त्या गमतीसाठी पहिला बळी अचूकतेचा जातो. बचाव ठरलेला असतो: ‘साठ शब्दांत बारकावे बसत नाहीत हो!’ हा बचाव खोटा आहे. एक प्रत्यक्ष बातमी घेऊन तो तपासू.

11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांमध्ये सात स्फोट झाले. 180 हून अधिक माणसं मेली. 2015 मध्ये मकोका विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. 21 जुलै 2025 रोजी, सोमवारी, मुंबई उच्च न्यायालयाने सर्व 12 जणांची निर्दोष मुक्तता केली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. गुरुवारी, 24 जुलैला, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शुक्रवारी सकाळच्या पत्रात तो कसा सांगायचा?

चटपटीत पत्रांच्या वळणावर मी एक नमुना तयार केला आहे:

‘7/11च्या आरोपींना मोठा झटका! सोमवारी उच्च न्यायालयाने सोडलं आणि गुरुवारी सर्वोच्च न्यायालयाने त्या सुटकेला ब्रेक लावला. म्हणजे बारा जणांची सुटका आता लांबणीवर. राज्य सरकारला दिलासा, पीडितांच्या आशा जिवंत. पिक्चर अभी बाकी है!’

वाचायला झकास. पण यातलं मधलं, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने सुटका थांबवली नाही. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवण्याचा प्रश्न नाही, हे त्या आदेशातच होतं. स्थगिती दिली ती एका मर्यादेपुरती: उच्च न्यायालयाच्या या निकालाचा दाखला मकोकाच्या इतर खटल्यांत तूर्त देता येणार नाही. आता हीच बातमी अशी लिहून पाहू:

‘2006च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावं लागणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने काल सांगितलं. उच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार मात्र तूर्त इतर खटल्यांत घेता येणार नाही. राज्य सरकारच्या अपिलावर सुनावणी व्हायची आहे.’

दोन्ही परिच्छेदांतले शब्द मोजा. दोन्हीकडे 32 भरतात. म्हणजे जागा कमी पडली नव्हती. ‘झटका’, ‘ब्रेक’, ‘दिलासा’, ‘आशा’ आणि ‘पिक्चर’ यांनी ती अडवली होती. बारकावा बसत नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी हे भाडेकरू बाहेर काढावेत.

चूक होते कशी, तेही पाहण्यासारखं आहे. सारांश लिहिणारा पहाटे बसतो आणि बातमीचा मथळा वाचतो. मथळ्यात ‘स्थगिती’ हा शब्द असतो. रोजच्या मराठीत स्थगिती म्हणजे थांबवणं. मग कशाला स्थगिती, हे न पाहता तो ती सर्वांत ठळक गोष्टीला, म्हणजे सुटकेला, चिकटवून टाकतो. बातमीचा तिसरा-चौथा परिच्छेद वाचला असता तर ‘तेवढ्यापुरती’ हा शब्द सापडला असता. शाळेत सारांशलेखन शिकवताना आम्ही मुलांना एक नियम सांगतो, उर्दूच्या तासाला तल्खीस शिकवतानाही तोच सांगतो: उताऱ्यात नाही ते सारांशात येऊ नये. ‘सुटका लांबणीवर’ हे मूळ आदेशात कुठेच नाही. नववीच्या मुलाचे यासाठी गुण कापले जातात.

अशी चूक पकडायला कायद्याची पदवी लागत नाही. सारांश लिहून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा: ज्याची ही बातमी आहे त्याच्या घरच्यांनी हे वाचलं, तर उद्या काय होईल असं त्यांना वाटेल? पहिला नमुना वाचून एखादी आई समजेल की एकोणीस वर्षांनी घरी आलेल्या मुलाला न्यायला पोलीस पुन्हा येणार. दुसरा वाचून समजेल की तो घरीच राहील, खटला मात्र पुढे चालेल. खरं काय, ते दुसऱ्यात आहे. सोमवारच्या निकालाचंही तसंच. ‘बाराही जण घरी परतले’ असं लिहिलं की वाक्य गोड होतं, पण त्यातला एकजण 2021 मध्ये तुरुंगात असतानाच कोरोनाने वारला होता. निर्दोष मुक्तता 12 जणांची झाली, घरी येणं सगळ्यांच्या नशिबात नव्हतं. ‘मुक्तता झाली’ आणि ‘परतले’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत.

मग आपुलकी कुठे दाखवायची? माझ्या मते वाचकाला जे अडेल ते समजावून देण्यात. सर्वोच्च न्यायालयाला इतर खटल्यांची काळजी का वाटली, हे वाचकाला कळत नाही, कारण मकोका म्हणजे काय हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. एक ओळ पुरते: ‘मकोका हा संघटित गुन्हेगारीविरोधातला राज्याचा 1999 चा कायदा, त्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून धरता येतो, एरवी धरता येत नाही.’ आता वाचकाला दिसतं की उच्च न्यायालयाने या खटल्यातले कबुलीजबाब नाकारले, ही गोष्ट मकोकाच्या इतर खटल्यांतही का बोलली जाईल. शेजारी बसून समजावणारा माणूस असंच बोलतो. बॉम्बस्फोटाच्या बातमीत सिनेमाचा संवाद टाकणारा माणूस मित्र वाटत नाही. मेलेल्यांच्या घरच्यांना तर नाहीच. गंमत करायला पाऊस, क्रिकेट आणि आंब्याचे भाव आहेत. मृत्यू, अटक आणि निकाल या तीन बातम्यांत ती करायची नाही, एवढा एक नियम घरात लावून टाकला तर आवाज बिघडत नाही, उलट ओळखीचा होतो.

आता तिसरी अट, एकसारखेपणाची. तिची खरी परीक्षा आठवड्याभरातच आली. 31 जुलै 2025 रोजी विशेष एनआयए न्यायालयाने मालेगावच्या 2008 मधल्या स्फोटाच्या खटल्यात प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल पुरोहित यांच्यासह सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्या स्फोटात सहा माणसं मेली होती. दहा दिवसांत दोन निकाल, दोन्ही बॉम्बस्फोटांचे, दोन्हींत आरोपी सुटले, दोन्हींत न्यायालयाने म्हटलं की सरकारी पक्षाला आरोप सिद्ध करता आला नाही. पत्र लिहिणाऱ्याचा आवाज एकच आहे का, हे तपासायला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. 22 जुलैचा आणि 1 ऑगस्टचा सारांश शेजारी ठेवा आणि क्रियापदं अधोरेखित करा. एकीकडे ‘सुटले’ आणि दुसरीकडे ‘निर्दोष ठरले’ असेल, तर पत्राने बाजू घेतली. एकीकडे ‘पुराव्याअभावी’ हा शब्द आहे आणि दुसरीकडे ‘अखेर न्याय मिळाला’ असेल, तरीही घेतली. ‘मग त्या माणसांना मारलं कुणी?’ हा प्रश्न एका सारांशाच्या शेवटी विचारला असेल, तर दुसऱ्याच्या शेवटीही विचारायला हवा, कारण लोकलमधले मृत आणि मालेगावच्या भिकू चौकातले मृत यांच्या घरच्यांचा तो सारखाच प्रश्न आहे.

हे मी फक्त मोठ्या माध्यमांना उद्देशून म्हणत नाही. आपल्याकडे, मुस्लिम वाचकांसाठी उर्दूत आणि मराठीत निघणाऱ्या पत्रांतही हीच खोड उलट्या बाजूने दिसते. 21 जुलैचा निकाल ‘बेगुनाह’ आणि 31 जुलैचा ‘छूट गए’, असं लिहिताना आपला हात अडखळत नाही. उर्दू पत्रकारितेत ‘मुबय्यना’ हा शब्द आहे, मराठीत ‘कथित’ आहे. दोन्ही शब्द आरोपीचं नाव बघून वापरायचे नसतात. आपल्या माणसावरच्या आरोपाला ‘कथित’ आणि दुसऱ्याच्या आरोपाला ‘कारस्थान उघड’ म्हटलं, तर ज्या अन्यायाची आपण तक्रार करतो तोच आपण करत असतो. आणि मग पुढच्या वेळी तक्रार करायला तोंड राहत नाही.

एकसारखेपणाचा अर्थ दोन्ही निकाल हुबेहूब सारखे दाखवणं, असा मात्र नाही. खरे फरक सांगितलेच पाहिजेत. लोकल खटल्यात खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांना उच्च न्यायालयाने सोडलं. मालेगावच्या खटल्यात खालच्याच न्यायालयाने सोडलं. लोकल खटल्यातले लोक फाशी आणि जन्मठेपेच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. ठाकूर आणि पुरोहित 2017 पासून जामिनावर होते. हे फरक तथ्यांचे आहेत, म्हणून ते लिहायचे. पण साचा एकच ठेवायचा: घटना आणि मृतांची संख्या, कुठलं न्यायालय, किती जण, न्यायालयाने दिलेलं कारण, कोठडीतला काळ, आणि पुढची पायरी. एका सारांशात कोठडीचा काळ दिला तर दुसऱ्यातही द्यायचा. मृतांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा असेल तर ‘180 हून अधिक’ असं एक रूप ठरवून दर वेळी तेच लिहायचं. मंगळवारी एक आकडा आणि शुक्रवारी दुसरा, असं नाही.

एवढं करूनही चूक होईल. फोनवर गेलेलं पत्र परत घेता येत नाही, ते तोवर दहा गटांत गेलेलं असतं. म्हणून दुरुस्ती दुसऱ्या दिवशीच्या पत्रात सगळ्यांत वर हवी, तळाशी बारीक अक्षरांत नको, आणि तिच्यात नेमकं काय चुकलं ते हवं: ‘काल आम्ही सुटकेला स्थगिती मिळाली असं लिहिलं. ते चूक आहे. सुटका कायम आहे.’ तीन छोटी वाक्यं आहेत. ज्या पत्राला ती लिहिण्याइतकी जागा सापडत नाही, पण ‘पिक्चर अभी बाकी है’साठी सापडते, त्याच्या सुप्रभातचं मला काही करायचं नाही.