हजर व्हायचं की वाट बघायची?

मोर्चा पांगतो, दगड कुणीतरी मारलेला असतो, आणि फिर्यादीत चार नावांपुढं लिहिलं जातं, 'व इतर ४०-५० इसम'. त्या इतरांत कुणालाही बसवता येतं. मग रात्री चाळीत बूट वाजतात. पोरगा मावशीकडं पळतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला विचारतो, 'कोर्टात हजर होऊ का?'

दोस्तांनो, घाईनं उत्तर देऊ नका. आधी कलमं बघा. फिर्यादीची नक्कल वकिलाच्या हातात पडल्याशिवाय कोर्टाची पायरी चढायची नाही.

समजा, कलमं दंगल आणि सरकारी कामात अडथळ्याची आहेत. भारतीय न्याय संहितेत दोन्हीला दोन-दोन वर्षांपर्यंत शिक्षा. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट उचलायचं नाही, नोटीस देऊन बोलवायचं. नागरिक सुरक्षा संहितेचं ३५ वं कलम हे सांगतं. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात आणि २०२२ मध्ये सतेंद्र कुमार अंतील खटल्यात हेच बजावलं. नोटिशीप्रमाणं हजर राहणाऱ्याला अटक करायची तर कारण लेखी नोंदवावं लागतं. अशा केसमध्ये धावत कोर्टात हजर होणं म्हणजे ज्या कोठडीत पोलिसांनी टाकलं नसतं तिचं दार आपणच वाजवणं. इथं नोटीस घ्या, पोच ठेवा, तारखेला वकिलासोबत ठाण्यात जा. मात्र नोटीस चुकवली, तर अटकेचं कारण तुम्हीच हातात दिलं.

आता आठवड्यानं फौजदार त्याच फिर्यादीत खुनाच्या प्रयत्नाचं १०९ कलम चढवतो, कारण एका शिपायाचं डोकं फुटलंय. खेळ बदलला. इजा झाली असेल तर या कलमाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि जन्मठेपेच्या गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटचे जामिनाचे हात बांधलेले असतात. तिथं हजर झालात तर बहुधा आत जाल आणि सेशन्सची तारीख आतूनच मोजाल.

म्हणून क्रम पाळा. आधी सेशन्समध्ये अटकपूर्व जामिनाचा अर्ज. हा अर्ज अटक होण्याआधीचाच; एकदा कोर्टाच्या ताब्यात गेलात की तो संपला. आणि नुसता अर्ज टाकला म्हणून अटक थांबत नाही, अंतरिम संरक्षण वेगळं मागावं लागतं. अर्ज फेटाळला, तर थेट सेशन्स कोर्टात शरीरानं हजर व्हा आणि त्याच वेळी नियमित जामिनाचा अर्ज द्या. पोलिसांनी आधी पकडलंच पाहिजे असं नाही. १९८० च्या निरंजन सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की आरोपी कोर्टात हजर राहून त्याच्या हुकमाखाली गेला तर ती कोठडीच. गंमत बघा, त्या खटल्यातले आरोपी होते खुनाचा आरोप असलेले दोन फौजदार आणि आठ शिपाई! पोलिसांना मिळालेला कायदा आपल्या पोरांनाही लागू आहे. २०१४ मध्ये संदीप बाफना खटल्यात हीच वाट हायकोर्टापुरतीही मोकळी झाली.

हजर झाल्यानं नेमकं काय बदलतं? कोर्ट प्रामुख्यानं तीन गोष्टी बघतं : पळेल का, साक्षीदार फोडेल का, पुन्हा करेल का. स्वतः आलेल्याबाबत पहिल्या प्रश्नाची धार जाते. बाकी दोन तसेच राहतात. उलट लपत राहिलात तर वॉरंट, मग जाहीरनामा, मग जप्ती. एकदा 'फरार' घोषित झालात की अटकपूर्व जामीन मिळणं फारच अवघड. शिवाय दोषारोपपत्र वेळेत आलं नाही म्हणून मिळणाऱ्या जामिनाचे ६० किंवा ९० दिवस पहिल्या रिमांडपासून मोजतात. लपलेल्याचं घड्याळ सुरूच होत नाही.

पण भाबडे होऊ नका. हजर होणं म्हणजे जामीन नव्हे. पोलीस पीसीआर मागणारच. ती एकूण १५ दिवसांची, पण नव्या कायद्यात तुकड्या-तुकड्यांनीही मागता येते. अर्जावर सरकारी वकिलाचं म्हणणं येईपर्यंत एक-दोन रात्री आत काढाव्या लागतील, हे घरी सांगून निघा. तारीख आपण निवडायची, हाच यातला खरा फायदा. शुक्रवारी दुपारी हजर होऊ नका, शनिवार-रविवार आतच जातील. सोमवारी सकाळी जा. जामीनदार सोबत, त्याचं रेशनकार्ड आणि पगाराची पावती खिशात, औषधं चालू असतील तर डॉक्टरची चिठ्ठी, आणि आवारात दोन माणसं, दारातच कुणी उचललं तर वेळ आणि ठिकाण लिहून घ्यायला.

वाट बघण्यात भित्रेपणा नाही, हजर होण्यात शौर्य नाही. कलम बघून ठरवायचं.