परदेशातला निवाडा, मायदेशातला विवाह

अमेरिकेतील न्यायालयाने घटस्फोट दिला, त्याचा कागद टपालाने घरी आला, की विवाह संपला, अशी समजूत परदेशस्थ मुलामुलींच्या घरांत सर्रास आढळते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच ती चुकीची ठरविली आहे.

तो खटला मुळातून पाहण्याजोगा आहे. १९७५ साली तिरुपती येथे हिंदू पद्धतीने एक विवाह झाला. साडेतीन वर्षांच्या आत पतिपत्नी विभक्त झाले. पतीने अमेरिकेतील मिसुरी राज्यात अर्ज दाखल केला. नव्वद दिवसांचा रहिवास तेथे अर्जाला पुरेसा होता. त्या न्यायालयाचा अधिकार आपणास मान्य नाही, असे पत्नीने येथूनच लेखी कळविले. तरीही विवाह सावरण्यापलीकडे मोडला आहे, या कारणावरून १९८० मध्ये घटस्फोट मंजूर झाला. पुढच्याच वर्षी पतीने दुसरा विवाह केला आणि पत्नीने द्विविवाहाची फिर्याद गुदरली.

न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्राने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ चा अर्थ स्पष्ट केला. विवाह ज्या कायद्याखाली झाला, त्याच कायद्याने न्यायालयाचा अधिकार आणि घटस्फोटाचे कारण ठरले पाहिजे. मिसुरीच्या निवाड्यात दोहोंचा अभाव होता. विवाह मोडकळीस येणे हे कारण हिंदू विवाह कायद्यात आजही नाही. २०२३ च्या घटनापीठाच्या निकालानुसार केवळ सर्वोच्च न्यायालयच आपल्या विशेषाधिकारात त्यावर घटस्फोट देऊ शकते.

या नियमाला तीन अपवाद आहेत. प्रतिपक्ष त्या देशात कायमचा राहत असेल आणि घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यातील असेल, तर निवाडा येथे चालतो. प्रतिपक्षाने स्वेच्छेने तेथे हजर राहून अशाच कारणावर दावा लढविला असेल, तरीही तो चालतो. घटस्फोटास त्याची संमती असेल, तर अधिकाराचा प्रश्नच उरत नाही. म्हणूनच परदेशातून नोटीस आली, तर ती फडताळात टाकणे जितके घातक, तितकेच घाईने कैफियत दाखल करून दावा लढविणेही. प्रथम अधिकारास लेखी हरकत घ्यावी. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायालयातही अर्ज करता येतो.

अपत्याच्या ताब्याचा निकष मात्र निराळा आहे. परदेशी अपहृत बालकांविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही. त्यामुळे तेथील आदेश येथे आपोआप अमलात येत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की असा आदेश हा विचारात घ्यावयाचा केवळ एक घटक होय. निर्णय बालकाच्या हितावरच व्हावयाचा. मात्र हे आईला दिलेले अभयपत्र नव्हे. मूल तेथे रुळले असेल, तर न्यायालय त्याला परत धाडण्याचा आदेशही देते.

एकाच दांपत्यातील एक तिकडे घटस्फोटित आणि दुसरा इकडे विवाहित, अशी विचित्र अवस्था यातून उद्भवते. तिचा निरास करणारा स्पष्ट कायदा संसदेने करावयास हवा. तोवर परदेशातील स्थळ पाहणाऱ्या पालकांनी पत्रिकेइतकेच हे कलम १३ ही वाचून ठेवावे.